चौदा कोटींत तुमचा वाटा किती?

‘ओपीसी-यूए, एमक्यूटीटी, मॉडबसचा अनुभव. २०० हून अधिक डेमो. १४ कोटींच्या डील्सना तांत्रिक सपोर्ट.’ प्री-सेल्स इंजिनिअरच्या प्रोफाइलवर अशा धाटणीच्या ओळी हमखास सापडतात. त्या खोट्या असतातच असं नाही. मात्र त्या वाचणाऱ्या दोन्ही माणसांच्या हाती फारसं काही लागत नाही. पहिला वाचक म्हणजे गुरुवारी याच इंजिनिअरला भेटणारा कारखान्याचा प्रॉडक्शन हेड. कोण येतंय ते बघावं म्हणून त्याने मोबाइलवर प्रोफाइल उघडलेलं असतं. ‘एमक्यूटीटी’पाशी तो अडतो आणि चौदा कोटींच्या आकड्याशी सावध होतो, कारण त्याच्या दृष्टीने हा कुणा गिऱ्हाइकांकडून काढलेल्या पैशांचा हिशोब आहे. दुसरा वाचक नोकरी देणारा. प्रोटोकॉलची नावं त्याला कळतात, चौदा कोटीही भावतात, पण त्यात या माणसाने नेमकं काय केलं हे त्याला कळत नाही.

हे काम बाहेरच्यांना नीट ठाऊक नसतं, म्हणून थोडक्यात सांगतो. मोठं तांत्रिक उत्पादन विकायला कंपनीकडून दोन माणसं जातात. सेल्सवाला ग्राहक शोधतो, भाव ठरवतो, ऑर्डर आणतो. त्याच्या डोक्यावर टार्गेट असतं. दुसरा प्री-सेल्स इंजिनिअर. ग्राहकाची अडचण समजून घेणं, आपलं उत्पादन तिथे चालेल का ते तपासणं, ते दाखवणं, टेंडरमधल्या तांत्रिक प्रश्नांची उत्तरं लिहिणं आणि गरज पडली तर ग्राहकाच्याच जागेत छोटी चाचणी घेणं, हे त्याचं काम. ऑर्डर आली की बसवणारी टीम येते आणि हा पुढच्या ग्राहकाकडे जातो. कुठे याला सोल्युशन इंजिनिअर म्हणतात, कुठे सोल्युशन कन्सल्टंट. नोकरीच्या साइटवर नुसतं ‘प्री-सेल्स’ शोधलं तर बिल्डरांकडच्या फोन करणाऱ्यांच्या जागाही समोर येतात: फ्लॅटची चौकशी करणाऱ्याला फोन लावायचा आणि साइट-व्हिजिट ठरवायची. त्यामुळे प्रोफाइलच्या पहिल्याच ओळीत आपण कुठलं उत्पादन कुणाला समजावून देतो हे यायला हवं. पदाच्या नावावर भिस्त ठेवू नये.

एक उदाहरण घेऊन सगळा प्रवास पाहू. चाकण-भोसरी पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने भरपूर आहेत, आणि मशीन मॉनिटरिंगची उत्पादनं तिथे सर्रास दाखवली जातात. ग्राहक आणि आकडे इथे उदाहरणापुरते घेतले आहेत. कामाची रीत मात्र खरी आहे.

कारखान्यात २४ सीएनसी मशीन आहेत आणि दोन पाळ्या चालतात. मालकाची तक्रार अशी की मशीन दिवसभर चालताना दिसतात, तरी माल कमी निघतो. विकायचं उत्पादन म्हणजे प्रत्येक मशीनवर बसणारी एक छोटी पेटी आणि ऑफिसातल्या पडद्यावर दिसणारा हिशोब. मशीन केव्हा चालू होती, केव्हा थांबली आणि किती वेळ थांबली, हे पेटी टिपते. ऑपरेटर बाजूच्या टॅबवर कारण निवडतो.

इंजिनिअरचं पहिलं खरं काम इथे सुरू होतं, आणि प्रोफाइलमध्ये नेमकं तेच वगळलं जातं. नव्या मशीनच्या कंट्रोलरमधून माहिती नेटवर्कच्या केबलने काढता येते. पण २४ पैकी नऊ मशीन जुन्या आहेत आणि त्यांना तसा पोर्टच नाही. अशा मशीनच्या डोक्यावरच्या लाल-पिवळ्या-हिरव्या दिव्यांच्या तारेवरून सिग्नल घेता येतो. हिरवा लागला तर मशीन चालू, लाल लागला तर बंद. कुठे दिवाच बंद पडलेला असेल तर स्पिंडलच्या मोटरच्या वायरभोवती चिमट्यासारखा सेन्सर लावून ती किती करंट ओढते यावरून अंदाज बांधतात. या उपायांना मर्यादाही आहेत. दिव्यावरून मशीन चालू आहे एवढंच कळतं. कुठला भाग बनतोय ते कळत नाही. ‘नऊ मशीनवर फक्त चालू-बंद एवढंच मिळेल, भागांची मोजणी तुम्हाला हातानेच भरावी लागेल,’ हे पहिल्याच भेटीत सांगणारा इंजिनिअर आणि ‘सगळं होतं साहेब’ म्हणणारा इंजिनिअर, यांच्यातला फरक चौथ्या महिन्यात उघडा पडतो. दुसऱ्याने मिळवलेली ऑर्डर बसवणाऱ्या टीमच्या गळ्यात अडकते. नोकरी देणाऱ्याला हा फरक चांगला माहीत असतो. म्हणून ‘मॉडबसचा अनुभव’ यापेक्षा ‘नेटवर्क पोर्ट नसलेल्या जुन्या मशीनमधून माहिती कशी घ्यायची आणि काय मिळणार नाही, हे विक्रीआधीच ठरवून लेखी दिलं’ हे वाक्य त्याला कितीतरी जास्त सांगतं. आणि हे प्रॉडक्शन हेडलाही कळतं, कारण त्या नऊ मशीन त्याच्याच आहेत.

आता डेमो. प्रोफाइलमधला दोनशेचा आकडा मला सर्वांत कमजोर वाटतो. जो मागेल त्याला डेमो देत सुटलं की दोनशे सहज होतात, आणि त्यातले बरेचसे ‘बघून कळवतो’वर संपतात. अनुभवी मुलाखतकार हा आकडा पाहून उलट विचारतो, इतके का द्यावे लागले? वाया जाणाऱ्या डेमोचा साचा ठरलेला असतो. लॉगिन, मुख्य पान, डावीकडचा मेन्यू, एकेक बटण, सेटिंग, रिपोर्टचे बत्तीस प्रकार. चाळिसाव्या मिनिटाला काम ग्राहकाच्या प्रश्नाशी पोचतं, तोवर मालक फोनवर बाहेर गेलेला असतो. या व्यवसायात इंग्रजीत त्याला बंदराची सैर म्हणतात. पीटर कोहन यांनी ‘ग्रेट डेमो!’ या पुस्तकात याच्या नेमकं उलट सांगितलं आहे: शेवटची गोष्ट आधी दाखवा. ग्राहकाला जे हवंय ते अंतिम चित्र पहिल्या काही मिनिटांत समोर ठेवा, आणि ते कसं तयार होतं हे त्याने विचारलं तर मग आत शिरा.

आपल्या कारखान्यात हे असं घडेल. डेमोच्या आधी इंजिनिअर पाऊण तास फोनवर सुपरवायझरशी बोलतो: मशीन थांबली की कोण, कुठे आणि केव्हा लिहितं? उत्तर येतं, पाळी संपताना रजिस्टरमध्ये, आठवून. डेमोचा पहिला पडदा इथेच ठरला. एका मशीनची एक पाळी एका पट्टीवर, हिरवी आणि लाल. शेजारी त्याच पाळीचं रजिस्टरचं पान. एवढंच. बटणं नाहीत, मेन्यू नाही. समोर बसलेल्यांचे प्रश्नही वेगवेगळे असतात. मेंटेनन्सवाल्याला विचारायचं असतं, पेटी जळली तर माझी मशीन थांबेल का? (थांबणार नाही, ती फक्त ऐकते, मशीनला आदेश देत नाही. पण हे विचारल्यावर सांगण्याऐवजी आधीच सांगावं.) आयटीवाल्याला डेटा कारखान्याबाहेर जातो का याची काळजी. सुपरवायझरला मनातून भीती असते की हे आपल्यावर पाळत ठेवायला आणतायत. तो हे मीटिंगमध्ये बोलत नाही. चहाच्या वेळी, मराठीत बोलतो. आपल्याकडच्या प्री-सेल्सवाल्याला एकाच दुपारी शॉपफ्लोअरवर मराठी-हिंदी आणि फायनान्सच्या खोलीत इंग्रजी बोलावं लागतं. ही कमाई बायोडेटातल्या ‘भाषा’ या रकान्यात कोंडून ठेवण्याचं कारण नाही. ‘ऑपरेटरपासून फायनान्स हेडपर्यंत प्रत्येकाला त्याच्या प्रश्नापुरतं दाखवतो’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला चित्र दिसतं.

डेमो पटला तरी कुणी २४ मशीनची ऑर्डर देत नाही. आधी चाचणी होते, जिला सगळे ‘पीओसी’ म्हणतात. पुष्कळ चाचण्या फसतात, आणि यंत्र बिघडल्यामुळे फसणाऱ्या त्यातल्या थोड्याच. यश कशाला म्हणायचं हे आधी ठरलेलं नसतं, म्हणून बहुतेक फसतात. चार आठवड्यांची चाचणी चार महिने रेंगाळते, दर आठवड्याला नवी मागणी येते, आणि शेवटी सगळे कंटाळतात. आपल्या उदाहरणातला इंजिनिअर सुरू करण्याआधी एका पानावर लिहून घेतो: तीन मशीन, त्यांतली एक जुनी, चार आठवडे, पाच मिनिटांपेक्षा मोठा प्रत्येक खंड पेटीने पकडला पाहिजे, आणि निकाल मालक, प्रॉडक्शन हेड व फायनान्स हेड एकत्र बसून बघतील. शेवटची अट सर्वांत मोलाची. तीच बहुधा लिहायची राहते.

निकाल असा निघतो. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. जेवण-चहाची ३० मिनिटं वजा केली की ४५० उरतात. एका मशीनवर रजिस्टरमध्ये बंद वेळ लिहिला होता २५ मिनिटं. पेटीने मोजला ६३. मधली ३८ मिनिटं कुणी चोरली नव्हती. बर साफ करणं, गेज शोधणं, पुढचा लॉट येईपर्यंत थांबणं असे दोन-दोन, तीन-तीन मिनिटांचे तुकडे होते, आणि पाळी संपताना ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत. तिन्ही मशीनची सरासरी काढली तर रजिस्टरात न आलेला वेळ पाळीमागे ३० मिनिटं निघाला.

हाच निकाल इंजिनिअरच्या भाषेत ‘ओईई’च्या टक्केवारीत मांडला जातो. उपलब्ध वेळ, वेग आणि चांगल्या मालाचं प्रमाण या तिन्हींचा गुणाकार म्हणजे ओईई. माप उपयोगी आहे, पण प्रोफाइलमध्ये ‘ओईई १२ टक्क्यांनी वाढवला’ असं वाचलं की जाणकार मुलाखतकाराच्या मनात पाल चुकचुकते. हा आकडा फुगवणं सोपं असतं. एक भाग खरं तर ४५ सेकंदांत बनतो, पण सिस्टिममध्ये प्रमाण वेळ ५० सेकंद भरली, की शॉपफ्लोअरवर काहीही न बदलता वेगाचं प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी वर जातं. एखाद्या पाळीत वेगाचा आकडा शंभराच्या वर गेलेला दिसला तर प्रमाण वेळ सैल भरलीय असं खुशाल समजावं. ‘पाळीमागे ३० मिनिटं’ हे मात्र घड्याळ लावून कुणालाही तपासता येतं.

फायनान्स हेडला मिनिटंही नको असतात. त्याला रुपये हवे असतात. इंजिनिअर त्याच्यासमोर हिशोब करतो. तीस मिनिटांपैकी निम्मी, म्हणजे १५, वाचवता आली असं धरू. दोन पाळ्यांची ३० मिनिटं, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे मशीनमागे साडेबारा तास. मशीनचा ताशी दर ५०० रुपये धरला तर ६,२५० रुपये. चोवीस मशीनचे महिन्याला दीड लाख. सिस्टिमची किंमत १५ लाख असेल तर दहा महिन्यांत वसूल. कागदावर छान दिसतं. पण मुरलेला फायनान्स हेड लगेच विचारतो, ‘या वाचलेल्या तासांत बनवायला माझ्याकडे ऑर्डर आहेत का?’ प्रश्न अगदी बरोबर आहे. ऑर्डरच कमी असतील तर वाचलेला वेळ म्हणजे नुसती उभी मशीन. फार तर ओव्हरटाइम वाचेल, आणि तो हिशोब निराळा, बहुतेक वेळा बराच लहान. शिवाय पेटी फक्त दाखवते. गेजची जागा ठरवणं आणि लॉट वेळेवर आणणं माणसांनाच करावं लागतं. जो इंजिनिअर हे प्रश्न समोरून येण्याआधी स्वतः मांडतो, त्याच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

आता ‘सपोर्ट केलेली डील’. आपल्या उदाहरणात ऑर्डर आली तर तिचे पंधरा लाख सेल्सवाल्याच्या टार्गेटमध्ये जमा होतात. इंजिनिअरच्या पगाराचाही काही भाग सहसा टीमच्या विक्रीला जोडलेला असतो, म्हणून प्रोफाइलमध्ये तोच आकडा लिहायचा मोह होतो. अडचण अशी की त्याच डीलचे पंधरा लाख सेल्सवाला, त्याचा मॅनेजर आणि प्री-सेल्सवाला असे तिघेही आपापल्या प्रोफाइलवर लिहितात, आणि नोकरी देणाऱ्याला ते माहीत असतं. म्हणून तो क्रियापदं वाचतो. ‘सपोर्ट केला’, ‘सहभागी होतो’, ‘योगदान दिलं’ या शब्दांत एका मीटिंगमध्ये मागे बसलेला माणूसही बसतो आणि चाचणी एकट्याने उभी करणाराही. त्यापेक्षा टप्पा सांगावा: चाचणीच्या अटी लिहिल्या, तीन मशीनवर जोडणी केली, निकाल मांडला, भाव आणि करार सेल्सने केला. शेवटचे पाच शब्द लिहायला जीव कचरतो. पण त्यांच्यामुळेच आधीचं सगळं खरं वाटतं.

आणखी एक भेद मुलाखतीत विचारला जातो: तांत्रिक पसंती आणि प्रत्यक्ष ऑर्डर. ग्राहकाच्या तांत्रिक लोकांनी ‘हेच उत्पादन योग्य’ म्हटलं की तांत्रिक बाजू जिंकली. त्यानंतरही भावावरून, बजेट पुढच्या वर्षावर गेल्यामुळे किंवा मालकाच्या जुन्या पुरवठादारामुळे ऑर्डर हुकते. दोन्ही आकडे वेगळे दिले, समजा दहा चाचण्यांपैकी आठ ठिकाणी तांत्रिक पसंती आणि पाच ठिकाणी ऑर्डर, तर वाचणाऱ्याला तुमचं काम सेल्सच्या कामापासून सोडवून पाहता येतं. दहापैकी दहा लिहिणाऱ्याला विचारलं जातं की हरलेली डील कोणती. तिचं सरळ उत्तर तयार असावं. ‘त्यांना मशीनला बाहेरून आदेश देणारी यंत्रणा हवी होती, आमची फक्त मोजते, दुसऱ्या भेटीत तसं सांगून थांबलो,’ हे हरलेल्या डीलचं उत्तर एखाद्या जिंकलेल्या डीलपेक्षा जास्त वजन धरतं. चुकीच्या ग्राहकामागे कंपनीचे दोन महिने न घालवणं हेही प्री-सेल्सचंच काम आहे.

एवढं सगळं प्रोफाइलच्या वरच्या चौकटीत कसं बसवायचं? प्रोफाइल बहुतेक इंग्रजीतच लिहिलं जातं, पण माझा सल्ला असा की आधी मराठीत, समोर सुपरवायझर बसलाय असं समजून बोलावं आणि मग इंग्रजीत उतरवावं. साधारण असं:

‘मी प्री-सेल्स इंजिनिअर आहे. सुट्या भागांच्या कारखान्यात मशीन किती वेळ आणि का थांबते हे मोजणारी सिस्टिम घ्यावी की नाही, हे ग्राहकाला स्वतःच्या मशीनवर तपासून ठरवता यावं, यासाठी डेमो आणि चाचण्या घेतो. पोर्ट नसलेल्या जुन्या मशीनवरून काय मिळेल आणि काय नाही, ते आधी लेखी देतो. एका चाचणीत तीन मशीनवर चार आठवड्यांत रजिस्टरमध्ये न येणारी पाळीमागे सरासरी ३० मिनिटं सापडली. त्यावरून ग्राहकाने २४ मशीनसाठी ऑर्डर दिली. चाचणीच्या अटी, जोडणी आणि निकालाची मांडणी माझी. भाव आणि करार सेल्सचा.’

यात प्रॉडक्शन हेडला आपला कारखाना दिसतो आणि नोकरी देणाऱ्याला कामाचा वाटा. एमक्यूटीटी, ओपीसी-यूए वगैरे नावं काढून टाकायची नाहीत. भरती करणारे त्याच शब्दांनी शोध घेतात. फक्त ती खाली एका ओळीत ठेवावी. आणि ग्राहकाचं नाव नको. अनेक कंपन्यांचे गोपनीयतेचे करार असतात, आणि करार नसला तरी आपली मशीन पाळीत तासभर बंद असते हे जगाला कळावं असं कुठल्या मालकाला वाटेल? भाव तर मुळीच लिहू नये. तो पुढच्या ग्राहकाने वाचला की सेल्सवाल्याची पंचाईत. ‘पुणे परिसरातला मध्यम आकाराचा सुटे भाग बनवणारा कारखाना’ एवढं पुरतं, आणि नाव झाकूनही ग्राहक सहज ओळखू येणार असेल तर मशीनची संख्याही ढोबळच द्यावी.

नोकरी बदलताना एक व्यावहारिक अडचण हटकून येते. सगळे आकडे जुन्या कंपनीच्या सिस्टिममध्ये असतात आणि लॅपटॉप परत केला की आठवणीवर भिस्त उरते. मग तीनची पाच मशीन होतात, तीस मिनिटांची पन्नास. ग्राहकाच्या फाइली किंवा रिपोर्ट सोबत नेणं हा सरळ करारभंग आहे, ते करू नये. प्रत्येक चाचणी संपली त्या आठवड्यातच, नाव-पत्ता न घालता चार ओळी स्वतःच्या वहीत लिहाव्यात: प्रश्न काय होता, अटी काय ठरल्या, काय सापडलं, काय जमलं नाही. आणि वहीत काय लिहायला हरकत नाही हे कंपनीच्या मॅनेजरला आधीच विचारून घ्यावं.